ताईंनी कधी 'काढलं' म्हटलंच नव्हतं: लॉ कॉलेजच्या क्लिनिकमधल्या एका मुलाखतीचं प्रकरण

आमच्या लॉ कॉलेजच्या कायदा-मदत क्लिनिकमध्ये विद्यार्थी अशिलांच्या मुलाखती घेतात, त्यांवर मी देखरेख करते, आणि त्यातलं हे एक प्रकरण बरेच दिवस लिहायचं होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, कामाचं ठिकाण आणि माणसं ओळखता येणार नाहीत, पण मुलाखतीत जे घडलं ते तसंच ठेवलंय. कायदा शिकणारी मुलं मुलाखत बिघडण्याचं कारण म्हणून नेहमी उर्मट वकील, घाई, वरचढ आवाज असं काहीतरी सांगतात. इथे त्यातलं काहीच नव्हतं. मुलाखत घेणारी दोन्ही मुलं मनापासून काम करणारी होती, मदत मागायला आलेल्या ताईंशी अतिशय मायेने बोलली, आणि तरीही 40 मिनिटांनी आमच्या फाईलमध्ये जी गोष्ट आली ती ताईंची नव्हती, मुलांची होती.

ताई एका सफाईच्या कॉन्ट्रॅक्टरकडे 6 वर्षं कामाला होत्या. काम सुटलं, पैसे अडकले, म्हणून क्लिनिकमध्ये आल्या, सोबत भाचा. फॉर्म भरताना त्यांनी विषयाच्या जागी एवढंच लिहायला सांगितलं होतं की "कामाचं आणि पगाराचं". मुलाखत दोघं घेणार, एक मुलगी बोलणार आणि एक मुलगा लिहून घेणार, असं ठरलेलं.

पहिल्या मुलाखतीनंतर माझ्यापुढे नोंद आली ती अशी: क्लायंट 6 वर्षांपासून सफाई कामगार. 12 तारखेला सुपरवायझरने कोणतीही नोटीस न देता कामावरून काढलं. 2 महिन्यांचा पगार थकीत. कागदपत्रं नाहीत. नोटीस पाठवावी.

वाचायला एकदम स्वच्छ. आणि मला खटकलं ते हेच, कारण 6 वर्षं एका जागी राबलेल्या बाईची गोष्ट 5 वाक्यांत इतकी सरळ बसत नाही. दुसरं म्हणजे पूर्ण नोंदीत तिचा एकही शब्द नव्हता, "कोणतीही नोटीस न देता" असं कुठलीच ताई बोलत नाही. ताईंच्या परवानगीने रेकॉर्डिंग केलेलं होतं, ते मी दोघांना सोबत घेऊन ऐकलं. सुरुवात अशी होती.

"ताई, सांगा, काय झालं?"

"मी तिकडे सहा वर्षं होते. आधी खालचे मजले बघायचे, मग मला वरचे दिले, तिथली लिफ्ट..."

"बरं बरं, आणि मग त्यांनी तुम्हाला काढून टाकलं ना?"

"हो, म्हणजे, येऊ नका म्हणाले."

"कधी काढलं?"

"पगाराच्या नंतर. चार-पाच दिवसांनी, की जास्त..."

"पगार किती तारखेला असतो?"

"सातला."

"मग साधारण 12 तारीख?"

"हो, असेल."

फाईलमधली 12 तारीख आली ती इथून. मुलीने 7 मध्ये 5 मिळवले आणि ताई "असेल" म्हणाल्या. त्या "असेल"मधली शंका लिहिताना गळली आणि खाली उरला नुसता आकडा. "काढून टाकलं" हा शब्दही असाच आला, ताईंचे शब्द होते "येऊ नका म्हणाले", पण पुढच्या 10 मिनिटांत मुलगी तो शब्द इतक्या वेळा बोलली की शेवटी ताईसुद्धा "मला काढलं तेव्हा" असं म्हणायला लागल्या. रेकॉर्डिंगमध्ये ती जागा नीट ऐकू येते आणि तिथे मुलांचे चेहरे उतरले. हा बदल त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू यायला हवा होता, मी सांगून तो समजला नसता.

असं का होतं याला चांगला पुरावा आहे. 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना गाड्यांच्या टकरीच्या फिल्म्स दाखवून वेग विचारला, फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं. गाड्या "धडाडून आदळल्या" असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी सुमारे 41 मैल आणि "एकमेकींना लागल्या" असं विचारलं तर सुमारे 32. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच नव्हतीच, तरी "आदळल्या" ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी हो म्हटलं, सौम्य शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांनी. त्यात कोणी खोटं बोलत नव्हतं. प्रश्नातला शब्द आठवणीत जाऊन बसला होता, आणि आमच्या ताईंच्या बाबतीत तर प्रश्न विचारणारी शिकलेली, मदत करायला बसलेली, टेबलाच्या पलीकडची मुलगी होती, तिला नाही कसं म्हणायचं?

आता "काढलं" आणि "येऊ नका म्हणाले" यात फरक काय असं वाटेल. कामगाराच्या केसमध्ये तो फरक सगळं ठरवू शकतो. मालकाने काढलं, कामगार स्वतःहून गेला, काम तात्पुरतं थांबवलं, की दोघांनी हिशेब करून संपवलं, या चारही गोष्टींचे कायद्याने परिणाम वेगळे होतात, पुरावा कोणी द्यायचा तेही बदलतं. आणि तक्रारीला मुदत असते, ती कुठल्या दिवसापासून मोजायची ते याच्यावरच ठरतं.

दुसरा दोष होता भडिमाराचा, आणि तो जास्त फसवा कारण तो कामसूपणासारखा दिसतो. मुलांनी रात्री जागून प्रश्नांची 3 पानी यादी केली होती. एका ठिकाणी मुलगी एका दमात विचारते, तुमच्याकडे नेमणुकीचं पत्र, पगाराची स्लिप, बँकेचं पासबुक, ओळखपत्र, हजेरीचं कार्ड, काही लिहून दिलेलं, काही सही केलेलं, असं काही आहे का, आणि पगार रोख मिळायचा की बँकेत? ताई म्हणतात, "रोख." शेवटचं तेवढं ऐकू आलं त्याचं उत्तर दिलं. आधीच्या सगळ्याचं उत्तर आलंच नाही, आणि मुलाने लिहिलं "कागदपत्रं नाहीत". त्यात "काही सही केलेलं" हा प्रश्न विचारला गेला होता हे लक्षात ठेवा, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारून झाला होता आणि गर्दीत चिरडून गेला होता.

मी मुलांना रेकॉर्डिंग परत लावून मोजायला सांगितलं. 46 प्रश्न निघाले. त्यातल्या 31 प्रश्नांना ताईंचं उत्तर "हो", "नाही", "असेल" किंवा नुसता हुंकार होतं. ताई एका वेळी सलग जास्तीत जास्त किती बोलल्या? 14 सेकंद. ही तोडण्याची सवय एकट्या वकिलांची नाही, 1984 मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टरांच्या तपासण्या रेकॉर्ड करून पाहिल्या तेव्हा पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत मध्ये पडत होते. मला स्वतःला आता ओळीने आलेल्या "हो"ची भीती वाटते. सलग 5-6 प्रश्नांना "हो" आलं की समजायचं, समोरचा माणूस आता आठवत नाहीये, तो आपल्याला सांभाळून घेतोय.

तिसरी गोष्ट भाच्याची. रेकॉर्डिंगमध्ये 9 ठिकाणी प्रश्न ताईंना आहे आणि उत्तर भाच्याने दिलंय. "2 महिन्यांचा पगार" हा आकडा भाच्याचा होता. तो वाईट नव्हता, मावशीच्या काळजीनेच बोलत होता, पण त्याने काहीच स्वतः पाहिलेलं नव्हतं. शिवाय बऱ्याच ठिकाणी तिसरा माणूस खोलीत बसला तर वकील-अशील यांच्यातल्या गुप्ततेवर प्रश्न येऊ शकतो, उद्या समोरची बाजू त्याला साक्षीला बोलवू शकते. दुभाषा असेल तर गोष्ट वेगळी, पण ताईंना आमची भाषा येत होती.

नोटीस मी थांबवली. मुदतीचा धोका होता, म्हणून आधी हिशेब केला की जर 12 तारीखच खरी धरली तर हातात किती दिवस आहेत, कारण तारीख पक्की नसेल तेव्हा मुदत नेहमी शक्य तेवढ्या आधीच्या तारखेपासून मोजायची, हा नियम मी कधी मोडत नाही. वेळ होता. ताईंना फोन करून परत बोलावलं आणि कारणही खरं ते सांगितलं, की मागच्या वेळी आम्हीच जास्त बोललो, आता तुमच्याकडून नीट ऐकायचंय.

दुसऱ्या मुलाखतीची तयारी अर्ध्या तासात झाली. मी 3 पानी यादी काढून घेतली नाही, ती मुलाकडे ठेवली, पण पालथी, आणि सांगितलं की ताई बोलून झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. यादी चुकीची नव्हतीच, तिची वेळ चुकली होती. खुर्च्या बदलल्या, मुलगी टेबलाच्या कोपऱ्याला ताईंच्या जवळ बसली, मुलगा थोडा मागे. भाच्याला सुरुवातीला सगळ्यांसोबत बसवून मुलीने सांगितलं, "दादा, तुम्ही मावशींना घेऊन आलात ते फार बरं झालं. आता तासभर आम्ही मावशींशी एकट्याने बोलणार, इथला नियमच आहे तसा, म्हणजे त्यांनी सांगितलेलं आमच्यातच राहतं. शेवटी तुम्हाला आत बोलावू, काय काय आणायचं ते तुम्हालाही सांगू." तो निमूट बाहेर गेला. भाचा बाहेर गेल्यावर ताई खुर्चीत मागे टेकून बसल्या, आधीच्या पूर्ण मुलाखतीत त्या काठावर बसलेल्या होत्या.

सुरुवातीच्या 3-4 मिनिटांत मुलीने चार गोष्टी साध्या भाषेत सांगितल्या. आम्ही विद्यार्थी आहोत, आमच्यावर या मॅडम आहेत आणि केस त्या बघतात. तुम्ही जे सांगाल ते बाहेर जाणार नाही, आणि याला जो थोडा अपवाद आहे तो असा असा. आज आपल्याकडे तासभर आहे, निर्णय काही घ्यायचा नाही. आणि चौथी, जी माझ्या मते सगळ्यात कामाची: "ताई, मी तिथे नव्हते, मला काहीच माहीत नाही. मी काही चुकीचं बोलले तर मला थांबवा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, ते चालतं, अंदाजाने काही सांगू नका." कंपनीचं नाव, मालकाचं नाव वगैरे पहिल्याच दिवशी बघून घेतलेलं होतं, ते क्लिनिकचे दुसऱ्या केसमधले अशील नाहीत ना हे ताईंनी तोंड उघडायच्या आधी बघावंच लागतं, आणि तिथे थेट, बंद प्रश्न चालतात. थेट प्रश्नाला माझा विरोध नाही, त्याची जागा ठरलेली असावी एवढंच.

मग पहिला प्रश्न. आम्ही त्यावर बरीच चर्चा केली होती. "काय झालं" हा प्रश्न वाटतो मोकळा, पण घाबरलेल्या माणसाला तो फार मोठा पडतो, कुठून सुरू करू तेच कळत नाही. म्हणून असं ठरलं: "ताई, तुम्ही शेवटच्या कामाला गेलात तो दिवस आठवा. सकाळी घरातून निघालात तिथपासून सांगा, जसं आठवेल तसं, छोटं छोटं पण चालेल." माणसाला त्या जागी, त्या वेळेत मनाने परत नेऊन मग बोलू द्यायचं, ही पद्धत फिशर आणि गायझेलमन यांनी 1980 च्या दशकात साक्षीदारांच्या मुलाखतीसाठी बसवली.

ताई थोडा वेळ गप्प. मुलगी पण गप्प. मी कोपऱ्यात बसून घड्याळ बघत होते, 11 सेकंद झाले, खोलीत बसल्यावर 11 सेकंद केवढे मोठे होतात ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. मुलीने पेन हातात धरलं नव्हतं, दोन्ही हात मांडीवर, आणि ती ताईंकडे बघत होती, टक लावून नाही, नुसतं. मग ताई बोलायला लागल्या.

"त्या दिवशी लेकीचा शेवटचा पेपर होता. तिला सेंटरला सोडलं, म्हणून मला उशीर झाला, पाऊण तास. गेले तर सुपरवायझर गेटवरच. म्हटलं रागावणार. पण रागावला नाही, उलट म्हणाला, आज आहे तेवढं काम करून जा, नवीन कॉन्ट्रॅक्ट यायचंय, थोडे दिवस येऊ नका, मी फोन करतो. मी म्हटलं किती दिवस, म्हणाला करतो ना फोन."

सलग 6 मिनिटं बोलल्या. मुलगी मध्ये फक्त "हं" म्हणाली आणि दोनदा ताईंचाच शेवटचा शब्द परत म्हटला, "करतो ना फोन...?" आणि ताई पुढे गेल्या. स्वतःहून त्यांनी 3 वेळा फोन केल्याचं सांगितलं, दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा "ऑफिसला या, हिशेब करू" म्हणाला. त्या गेल्या. आणि मग एकदम त्या विषयावरून सरकून परत लेकीच्या निकालाकडे वळल्या.

मुलगी तिथे थांबवेल की काय अशी मला धास्ती होती, पण तिने जाऊ दिलं. कागदावर फक्त "ऑफिस" लिहून गोल केला. माणूस जिथून घाईघाईने सरकतो तिथे बहुतेक वेळा त्याला लाज वाटणारं काहीतरी असतं, आणि तिथे लगेच बोट ठेवलं की झाकण बसतं.

ताईंचं बोलून झाल्यावर तारखा. आता "कोणती तारीख होती" असा प्रश्न आलाच नाही. लोकांना तारखा आठवत नाहीत, दिवस आठवतात, त्या दिवसाला चिकटलेलं काहीतरी आठवतं. मुलीने कोरा कागद आडवा ठेवून मध्ये एक रेघ मारली आणि विचारलं, "लेकीचा शेवटचा पेपर, तो इथे लिहूया. पगाराचा दिवस याच्या आधी की नंतर?" आधी. "त्या पगाराचं काय काय आठवतं?" तेव्हा कळलं की त्या 7 तारखेला अर्धाच पगार मिळाला होता, बाकीचा नंतर देतो म्हणाले. "आणि ऑफिसला गेलात ते?" पेपरच्या बरंच नंतर, पुढच्या पगाराच्या दिवसानंतर. रेघेवर खुणा पडत गेल्या, ताईंनी स्वतः बोटाने दोनदा खूण सरकवली, "नाही, हे याच्या अलीकडे." शेवटच्या पेपरची तारीख लेकीच्या हॉल तिकिटावर होती, फोन करून फोटो मागवला. 21. मोबाईलमध्ये कॉल हिस्टरी बघितली, ताईंनीच उघडून दाखवली, शेवटचा फोन पुढच्या महिन्याच्या 9 ला, म्हणजे ऑफिसची भेट 10 ला, कारण "दुसऱ्याच दिवशी गेले" हे त्या आधीच म्हणाल्या होत्या.

आता विचार करा. आम्ही 12 तारखेला काढलं अशी नोटीस पाठवली असती आणि समोरच्याने हजेरीवही काढली असती, त्यात 12 ला, 13 ला, थेट 21 पर्यंत ताईंची सही. पहिल्याच पत्रात ताई खोट्या ठरल्या असत्या, आमच्या बेरजेमुळे.

मग गोल केलेला शब्द. मुलगी म्हणाली, "ताई, तुम्ही ऑफिसला गेलात असं म्हणालात. तिथलं सांगाल का जरा? खोलीत कोण कोण होतं?" सुरुवात सोप्या, निरुपद्रवी टोकाने, कोण होतं, कुठे बसलात, आधी कोण बोललं. ताईंनी सांगितलं की सुपरवायझर होता आणि एक हिशेबाची बाई होती. पाकीट दिलं, मोजून घ्या म्हणाले, आणि एक कागद पुढे केला.

इथे ताई थांबल्या आणि टेबलाकडे बघत म्हणाल्या, "मी सही केली."

पहिल्या मुलाखतीतली मुलगी इथे नक्की म्हणाली असती, "मग सही का केलीत?" त्या प्रश्नात वाईट हेतू काहीच नसतो पण समोरच्याला तो आरोप म्हणून ऐकू येतो आणि तो कारण शोधायला लागतो, आठवायचं थांबवतो, आणि शोधलेलं कारण बहुतेक वेळा आपल्याला आवडेल असं असतं. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की "का" आलं की त्याच्या जागी "कसं" किंवा "तेव्हा काय चाललं होतं" वापरून बघ. ती म्हणाली, "बरं. तो कागद पुढे केला तेव्हाचं सांगा. कागद कसा दिसत होता?"

छापलेला, वर कंपनीचं नाव, खाली मोकळी जागा. चष्मा सोबत नव्हता. "काय लिहिलंय म्हटलं तर ती बाई म्हणाली पैसे मिळाल्याची सही आहे." वाचून दाखवला का? नाही. कॉपी दिली का? नाही. हे दोन प्रश्न बंद होते, हो-नाहीचे, आणि इथे ते अगदी बरोबर होते, कारण गोष्ट ताईंनी आधी सांगून झाली होती आणि आता फक्त कोपरे तपासायचे होते. आधी मोकळे, रुंद प्रश्न आणि खाली निमुळते, नरसाळ्यासारखे, प्रत्येक विषयाला पुन्हा नव्याने. पूर्ण मुलाखतीला एकच नरसाळं लावलं की अर्ध्या तासानंतर सगळे प्रश्न हो-नाहीचेच होऊन बसतात, मुलं इथे हमखास चुकतात.

पैशांबद्दल पण तसंच. "किती थकलेत" असा एक आकडा मागण्याऐवजी रेघेवरूनच मोजलं: आधीच्या महिन्याचा अर्धा पगार, चालू महिन्याचे 21 पर्यंतचे दिवस, त्यातून पाकिटात मिळाले ते वजा. आणि मुलीने विचारलं, "यात अजून काही देणं-घेणं होतं का, त्यांचं तुमच्याकडे किंवा तुमचं त्यांच्याकडे?" तेव्हा ताईंनी सांगितलं की लेकीच्या फीसाठी उचल घेतली होती, थोडी फिटायची आहे. भाचा बसलेला असता तर हे आलं नसतं, त्याला ते माहीत नव्हतं आणि कळू द्यायचंही नव्हतं. आपल्या अशिलाच्या विरोधात जाणारी गोष्ट समोरच्या वकिलाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिच्याच तोंडून, आपल्या खोलीत ऐकलेली कधीही परवडते, पण त्यासाठी प्रश्न दोन्ही बाजूंना उघडा असायला लागतो. "तुमचं काही देणं नव्हतं ना?" असं विचारलं असतं तर "नाही" आलं असतं.

कागदपत्रांची यादी शेवटी वाचावी लागलीच नाही, कारण बोलता बोलता जे जे आलं त्याच्याच बाजूला मुलाने खूण केली होती. मग पान उलटलं आणि यादीतलं जे राहिलं होतं तेवढंच विचारलं, 4 प्रश्न. ओळखपत्र होतं, घरी. पाकीट होतं, त्यावर आकडा लिहिलेला. मोठ्या अक्षरात एका चिठ्ठीवर 3 गोष्टी लिहून दिल्या, पाकीट, ओळखपत्र, हॉल तिकीट, आणि भाच्याला आत बोलावून तीच चिठ्ठी दाखवली, त्यात उचलीचा उल्लेख अर्थातच नव्हता. 3 पेक्षा जास्त गोष्टी एका वेळी मागितल्या की माझ्या अनुभवात माणूस एक तर काहीच आणत नाही किंवा येतच नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगते. वेळ जातो, ही मुलाखत 70 मिनिटं चालली. ज्याला उद्या कोर्टात उभं राहायचंय, ज्याच्या घराला आज संध्याकाळी कुलूप लागणार आहे, त्याला आधी थेट 4-5 प्रश्न विचारून धोका ओळखावाच लागतो, तिथे 11 सेकंदांची शांतता परवडत नाही. काही माणसं मोकळ्या प्रश्नाने भरकटतात आणि त्यांना हळूच रेघेवर परत आणावं लागतं. आणि मोकळं बोलू दिल्याने आठवण अचूक होते असंही नाही, जास्त तपशील येतात त्यात चुकीचेही थोडे येतात, म्हणून हॉल तिकीट आणि कॉल हिस्टरी.

पुढच्या आठवड्यात ताई तिन्ही वस्तू घेऊन आल्या. आम्ही पहिलं पत्र पाठवलं त्यात तारखेचा वाद टाळून फक्त त्या सही केलेल्या कागदाची प्रत आणि हजेरीचा उतारा मागितला. प्रत आली. वर लिहिलं होतं, स्वेच्छेने काम सोडत आहे, सर्व हिशेब पूर्ण झाला. तारीख 10. म्हणजे आता वाद "काढलं की नाही" इथे नव्हताच, वाद होता तो या कागदावर काय समजून सही झाली याचा, आणि त्यासाठी आमच्याकडे चष्म्याची, वाचून न दाखवल्याची, "पैसे मिळाल्याची सही आहे" या वाक्याची नोंद होती, ताईंच्या शब्दांत, कागद हातात यायच्या आधीच्या तारखेची.

मग ताईंचं लेखी निवेदन तयार केलं. मुलाने लिहिलं, मुलीने एकेक वाक्य वाचून दाखवलं आणि प्रत्येक परिच्छेदानंतर विचारलं, "यात काय बदलायचं?" बरोबर आहे ना, असं नाही विचारलं. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं, सुपरवायझरने सही करण्यासाठी दबाव आणला. ताईंनी हात वर केला.

"दबाव नाही बाळा. तो काही बोललाच नाही. दार उघडं धरून उभा होता."

मुलाने "दबाव आणला" खोडलं आणि लिहिलं, सही होईपर्यंत सुपरवायझर दार उघडं धरून उभा होता.